सकाळची धास्ती आणि उशिरा चालणारे घड्याळ

वाचकाचे पत्र : मी छत्तीस वर्षांची आहे आणि घरूनच संगणकावर काम करते. गेले वर्षभर सकाळी जाग येताच छातीत धडधड सुरू होते, काहीतरी वाईट घडणार असे वाटत राहते आणि हे अकरापर्यंत टिकते. रात्री दीडशिवाय झोप येत नाही. साडेआठला गजर लावून उठते, दुपारी अडीचपर्यंत नुसत्या कॉफीवर असते, रात्रीचे जेवण साडेदहाला होते. सुटीच्या दिवशी साडेदहा-अकराला उठते. डॉक्टरांनी हृदय, थायरॉईड, रक्त सगळे तपासले; दोष काही नाही. सकाळचा उजेड घ्या, वेळेवर जेवा, असे सगळे सांगतात, म्हणून पाचला उठून उजाडताच चालायला जाऊ लागले. आठवड्याभरात झोप आणखी बिघडली आणि धास्तीही वाढली. या गोष्टींचा खरेच उपयोग असतो का? मग माझे उलटे का झाले?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचे निम्मे उत्तर आपोआप मिळते. तुमचा निश्चय कमी पडला नाही आणि उजेडही वाया गेला नाही. उजेडाने आपले काम चोख केले, फक्त ते तुम्हाला हवे होते त्याच्या उलट दिशेने झाले.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडे वर, सुमारे २०,००० पेशींचा एक छोटा पुंजका असतो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. त्याची स्वतःची फेरी बहुतेक माणसांत २४ तासांपेक्षा थोडी मोठी असते, त्यामुळे त्याला मोकळे सोडले तर ते रोज काही मिनिटे मागे पडत जाते. ते रोज जुळवून घेण्याचे काम प्रामुख्याने उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नसून भोवती किती उजेड आहे हे या घड्याळाला कळवण्याचे असते. मात्र तोच उजेड कोणत्या वेळी पोहोचतो यावर त्याचा परिणाम ठरतो. झोपेत शरीराचे तापमान उतरत जाते आणि नेहमी आपोआप जाग येते त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी ते सर्वांत खाली असते. त्या नीचांकानंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे पुढच्या रात्री झोप लवकर येते. नीचांकाच्या आधी मिळालेला उजेड घड्याळाला ‘अजून संध्याकाळच आहे’ असे सांगतो आणि ते मागे ढकलतो.

आता तुमचा हिशेब मांडू. गजर नसताना तुम्ही साडेदहा-अकराला उठता. तुमच्या घड्याळाची खरी सकाळ कुठे आहे याची ही सर्वांत चांगली खूण आहे. त्यावरून तापमानाचा नीचांक सकाळी आठच्या आसपास येत असावा. प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय तो मिनिटाला धरून सांगता येणार नाही, पण अंदाज तासाभराने चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही. उजाडताना, साडेपाच-सहाला, तुम्ही मोकळ्यावर चालत होता तेव्हा शरीराच्या लेखी मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता. त्या वेळच्या लख्ख उजेडाने घड्याळ आणखी मागे गेले, रात्री झोप त्याहून उशिरा आली, पाचचा गजर मात्र तसाच राहिला आणि रोजची झोप चार तासांच्या खाली घसरली असणार. इतक्या अपुऱ्या झोपेत मेंदूचे भीतीशी निगडित भाग अधिक तीव्रतेने प्रतिसाद देऊ लागतात, तेव्हा धास्ती वाढली यात आश्चर्य नाही. पहाटे उठण्याचा उपदेश ज्यांचे घड्याळ मुळातच लवकर चालते त्यांच्या अनुभवातून आलेला असतो आणि तो त्यांच्यासाठी खराही असतो. उशिरा चालणाऱ्या घड्याळाच्या माणसाने तो जसाच्या तसा उचलला की असे होते.

दुसरा मुद्दा सकाळच्या धडधडीचा. कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटेपासून वाढत असते आणि जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात ते आणखी एक उसळी घेते. ही उसळी बहुतेक निरोगी माणसांत असते आणि शरीराला दिवसाच्या कामाला लावण्यासाठीच असते असे मानले जाते. तुमच्या सकाळी तिच्यावर आणखी काय काय चढते ते पाहा. गजराने झोप अर्धवट मोडलेली असते, आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोट दहा तास रिकामे असते, त्यावर कॉफी पडते आणि पुढचे पाच-सहा तास अन्न मिळत नाही. कॉफीतले कॅफिन हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर वाढवू शकते आणि त्याचा निम्मा अंश शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. धडधड, पोटात खड्डा, हाताला कंप ही सारी लक्षणे भीतीचीही असतात. मन त्यांचे कारण शोधू लागते आणि दिवसभराच्या कामांत त्याला ते सहज सापडते. सगळी धास्ती अशीच तयार होते असे मी म्हणत नाही. पण तुमची धास्ती जाग येताच सुरू होऊन अकराच्या सुमारास ओसरते, म्हणजे घटनांपेक्षा घड्याळाला जास्त चिकटून आहे, आणि म्हणूनच तुमच्या बाबतीत या बाजूने प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

आता पहिला प्रश्न, उपयोग खरेच असतो का. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात एकोणीस निरोगी व्यक्तींकडून प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखी दिनचर्या पाळून घेण्यात आली. एका गटाने दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा खाल्ले, दुसऱ्याने फक्त दिवसा. पहिल्या गटात चिंतेसारख्या मनःस्थितीचे मोजमाप सुमारे १६ टक्क्यांनी आणि उदासीसारख्या मनःस्थितीचे सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्या गटात अशी वाढ झाली नाही. २०१७ च्या आणखी एका प्रयोगात सर्व जेवणे पाच तास पुढे ढकलल्यावर रक्तातील साखरेची दैनिक लय जवळपास तेवढीच सरकली, पण मेंदूच्या घड्याळाची खूण असलेले मेलाटोनिन आणि कॉर्टिसॉल जागच्या जागी राहिले. म्हणजे यकृतासारख्या अवयवांची स्वतःची घड्याळे जेवणाचे ऐकतात आणि मेंदूचे घड्याळ उजेडाचे ऐकते. तुमचे जेवण एकीकडे आणि उजेड दुसरीकडे असेल तर ही घड्याळे एकमेकांपासून सुटतात. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र हलवाव्या लागतात.

उजेडाबाबत मात्र थोडे हातचे राखून बोलले पाहिजे. मनगटावर उजेड मोजणारे यंत्र बांधून ८६,००० हून अधिक लोकांची पाहणी करणारा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री जास्त उजेडात असणाऱ्यांमध्ये चिंताविकार अधिक आढळला. दिवसा जास्त उजेड मिळणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी आढळले, पण चिंताविकाराशी दिवसाच्या उजेडाचा तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. शिवाय ही पाहणी आहे, तिच्यावरून कारण सिद्ध होत नाही. माझा निष्कर्ष असा की सकाळचा उजेड चिंतेवरचे थेट औषध नाही. तो झोप योग्य जागी आणतो आणि रात्र अंधारी ठेवणे शक्य करतो, आणि त्या वाटेने चिंता कमी होऊ शकते. एवढे मान्य असेल तर पुढचे वाचा.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद करा. वहीत रोज या पाच गोष्टींची वेळ लिहा : अंथरूण सोडले, घराबाहेर उजेडात गेले, पहिले खाणे, शेवटचे खाणे, दिवे मालवले. त्याशिवाय सकाळी अकराला आणि रात्री नऊला धास्ती शून्य ते दहा यांपैकी किती, एवढेच. दिवसात इतर वेळी धास्ती मोजू नका. सतत मोजत राहणे हेच चिंतेचे खाद्य होते. आठवड्याच्या शेवटी सरासरी काढण्यापेक्षा प्रत्येक गोष्टीची सर्वांत लवकरची आणि सर्वांत उशिराची वेळ यांतले अंतर पाहा. उठण्याच्या बाबतीत ते तुमच्याकडे दोन-अडीच तास असेल आणि काम करायचे आहे ते आधी या अंतरावर.

दुसऱ्या आठवड्यापासून उठण्याची वेळ साडेआठ, सातही दिवस. ती लवकर आणण्याची घाई आत्ता नको. झोपण्याची वेळ ठरवून ती पाळता येत नाही, कारण झोप आज्ञेने येत नाही. उठण्याची वेळ मात्र आपल्या हातात असते, म्हणून दिवसाची खुंटी तिथे ठोकायची. नऊच्या सुमारास घराबाहेर पडा आणि अर्धा तास मोकळ्या आकाशाखाली राहा. चाला, बसा, फोनवर कोणाशी बोला, काहीही चालेल. सूर्याकडे बघायचे नाही, ते डोळ्यांना घातक आहे. उजेड आजूबाजूने डोळ्यांत पोहोचला की पुरे. काळा चष्मा मात्र या अर्ध्या तासात शक्यतो नको. ‘खिडकीजवळ बसते, मग बाहेर कशाला’, असा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. चांगल्या दिव्यांच्या खोलीत उजेड तीनशे-पाचशे लक्स असतो, ढगाळ दिवशी बाहेर तो बहुधा काही हजार आणि स्वच्छ दिवशी सावलीतसुद्धा दहा हजारांच्या घरात जातो. डोळा इतक्या सफाईने जुळवून घेतो की हा फरक आपल्याला जाणवत नाही; घड्याळाला मात्र तो कळतो. खिडकीच्या काचेतून आणि तिच्यापासून दोन पावले आत सरकल्यावर उजेड झपाट्याने घटतो, तेव्हा खिडकी हा पाऊस असताना किंवा आजारपणातला पर्याय समजा आणि त्या दिवशी जास्त वेळ बसा. आभाळ भरलेले असेल तर बाहेरही अर्ध्याऐवजी पाऊण तास.

बाहेरून आल्यावर साडेनऊच्या आसपास पहिले खाणे. इतके दिवस सकाळी न खाल्ल्यामुळे भूक लागणार नाही. ती न लागणे हेसुद्धा उशिराच्या जेवणाचेच फळ आहे. सुरुवातीला थोडेच खा, पण वेळ तीच ठेवा. भूक आठ-दहा दिवसांत त्या वेळेकडे सरकू लागते. कॉफी या खाण्यानंतर, आधी नाही, आणि शेवटचा कप दुपारी दोनच्या आत. कप एकदम बंद करू नका, कारण त्याने डोके दुखते, चिडचिड होते आणि ती चिडचिड तुम्ही धास्ती म्हणून वहीत लिहाल; तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करा. दुपारचे जेवण दीड-दोनला. रात्रीचे जेवण दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणत नऊपर्यंत आणा आणि त्यानंतर खाणे थांबवा. जेवण आणि झोप यांत तीन तास राहिले तर उत्तम.

या वेळा आठवडाभर स्थिर राहिल्या की मगच पुढे सरका. दर चार दिवसांनी उठणे, उजेड आणि पहिले खाणे ही तिन्ही एकत्र पंधरा मिनिटे अलीकडे : सव्वाआठ, आठ, पावणेआठ, साडेसात. साधारण सोळा दिवसांत तुम्ही साडेसातला याल आणि तेव्हा झोप साडेबाराच्या आसपास येत असेल. त्याहून लवकर जाण्याची गरज मला दिसत नाही. तुमचे काम घरूनच आहे, त्यामुळे पहाटे उठण्याने काही मिळवायचे नाही. रोज सात-साडेसात तास झोप आणि सातही दिवस जवळपास तीच वेळ, एवढे पुरे. झोप येण्याआधीचे दोन तास घरातले मोठे दिवे बंद करून खाली ठेवलेला एखादा मंद दिवा लावा. त्या वेळी मोबाईल किंवा संगणकाचा पडदा पाहायचाच असेल तर त्याची झळाळी सर्वांत कमी करा आणि तो डोळ्यांपासून दूर ठेवा.

अडचण नेमकी कुठे येते तेही सांगतो, कारण ती येणारच. पहिल्या सुटीच्या दिवशी तुम्ही आठवड्याची झोप भरून काढायची म्हणून अकरापर्यंत झोपाल, सकाळचा उजेड चुकेल, रात्री दोनपर्यंत जाग राहील आणि कामाचा पहिला दिवस सर्वांत वाईट जाईल. टिल रोएनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रकाराला ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. विमानात न बसता दर आठवड्याला घड्याळात दोन-तीन तासांचा फरक असलेल्या देशात जाऊन परत येण्यासारखेच ते आहे. सुटीच्या दिवशी फार तर नऊपर्यंत झोपा. जास्त थकवा असेल तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी घ्या, गजर लावून. दुसरी अडचण वाईट रात्रीची. तीनपर्यंत झोप लागली नाही तरी ठरलेल्या वेळी उठा आणि उजेडात जा. तो दिवस जड जाईल, पण त्या रात्रीची झोप लवकर येईल. मात्र अशा रात्री लागोपाठ आल्या तर वेळ अलीकडे सरकवणे थांबवा आणि आहे त्याच पायरीवर आणखी एक आठवडा राहा. तुम्ही दिवसा दूरवर वाहन चालवत असाल तर झोप न झालेल्या दिवशी ते टाळा.

तिसरी अडचण जास्त नाजूक आहे. चिंता करणारे मन वेळापत्रकाचीही चिंता करू शकते. नऊला बाहेर पडायचे होते आणि नऊ वाजून वीस मिनिटे झाली, म्हणजे आजचा दिवस गेला, असे वाटू लागते. दैनंदिन लयीवर आधारलेली एक उपचारपद्धती मानसोपचारात द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर, विकारासाठी वापरली जाते. तिच्या नोंदवहीत नेहमीच्या वेळेच्या पाऊण तास अलीकडे-पलीकडे झालेली गोष्ट ‘वेळेवर’ धरतात. तुम्हीही तेवढीच सूट घ्या. आठवड्यातले पाच-सहा दिवस त्या मर्यादेत बसले की आठवडा यशस्वी. या पद्धतीत आणखी एक खूण नोंदवतात, ती म्हणजे दिवसात दुसऱ्या माणसाशी पहिल्यांदा झालेला संपर्क. तुम्ही एकट्या घरून काम करता म्हणून तीही वहीत घाला. पहिला संदेश नव्हे, पहिले प्रत्यक्ष बोलणे. तेही रोज साधारण त्याच सुमारास झाले तर बरे.

फरक कोणत्या क्रमाने दिसतो हे माहीत असावे, नाहीतर तुम्ही मध्येच सोडून द्याल. पहिले चार-पाच दिवस थकवा आणि चिडचिड वाढू शकते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळची भूक आणि रात्रीची पेंग आपल्या जागी येऊ लागतात. ही खूण सर्वांत भरवशाची, कारण ती मनाच्या अंदाजावर अवलंबून नसते. गजराच्या आधी पाच-दहा मिनिटे आपोआप जाग येऊ लागली तर घड्याळ सरकले. अकराच्या धास्तीचा आकडा त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हलतो आणि तो शून्यावर येत नाही. सातचा चार झाला तरी तो मोठा बदल आहे. भूक आणि झोप सरकल्या पण सहा आठवड्यांनंतरही अकराचा आकडा जिथल्या तिथे राहिला, तर तुमच्या धास्तीचे मूळ दिनचर्येत नाही असे समजा. तेव्हा हेच आणखी जोर लावून करत बसू नका. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, चिंताविकारात चांगली सिद्ध झालेली आहे. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे जा आणि वही सोबत न्या. जुना आघात, विशिष्ट गोष्टीची भीती किंवा टाळाटाळीत अडकलेले आयुष्य यांवर उजेड आणि जेवणाच्या वेळा पुरत नाहीत.

काही परिस्थितींत मात्र सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. तुम्हाला किंवा जवळच्या नातलगाला कधी द्विध्रुवी विकार झाला असेल तर झोपेच्या वेळांतले बदल आणि तीव्र उजेड मनःस्थिती भडकवू शकतात. थोड्या झोपेवर विलक्षण उत्साह वाटू लागला, विचार धावू लागले, तर हे सगळे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, त्वचा किंवा डोळे उजेडाला संवेदनशील करणारे औषध चालू असेल, किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर उजेड आणि जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. चिंतेसाठी गोळ्या सुरू असतील तर बरे वाटू लागले म्हणून त्या आपण होऊन कमी करू नका. आणि जगणे नकोसे वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला तर सहा आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या.